न दुखणारे पित्तखडे: काढायचे की राहू द्यायचे?

साताऱ्याच्या बावन्न वर्षांच्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. या बाई कुणी एक नव्हेत. अशा अनेकींच्या हकिगती एकत्र करून हे उदाहरण तयार केलं आहे. पाळीच्या तक्रारीसाठी त्यांची पोटाची सोनोग्राफी झाली. गर्भाशय ठीक निघालं, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती: पित्ताशयात अनेक खडे, सर्वांत मोठा ९ मिलिमीटर. त्या पोटात कधी दुखल्याचं सांगत नव्हत्या. घरात मात्र त्याच संध्याकाळी दोन पक्ष पडले. मुलगा म्हणाला, ‘काढूनच टाकू, उद्या फुटलं तर?’ सासूबाई म्हणाल्या, ‘दुखत नाही तर पोट कशाला फाडायचं?’

वैद्यकीय अनुभव बऱ्याच अंशी सासूबाईंच्या बाजूने आहे. पण तो नेमका कुठवर त्यांच्या बाजूने आहे, हे समजून घ्यायला हवं.

आधी रिपोर्ट नीट वाचू. खड्याच्या आकाराकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण त्याहून महत्त्वाच्या गोष्टी बाजूलाच लिहिलेल्या असतात. पित्ताशयाच्या भिंतीची जाडी ३ मिलिमीटरपर्यंत असेल आणि भोवती पाणी साठलेलं नसेल, तर सूज नाही. मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटरपर्यंत रुंद असेल आणि तिच्यात खडा दिसत नसेल, तर वाट मोकळी आहे. कुशीवर वळल्यावर ठिपका हलला आणि त्याच्या मागे सावली पडली, तर तो खडा. न हलणारा, सावली न पाडणारा ठिपका कोंब म्हणजे पॉलिप असू शकतो आणि त्याचा विचार वेगळा करावा लागतो. आपल्या बाईंची भिंत पातळ होती, नलिका स्वच्छ होती आणि खडे हलत होते. म्हणजे खडे होते, पण आजार नव्हता.

अशा मुक्या खड्यांचं पुढे काय होतं, याचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात झाला आणि १९८२ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या प्राध्यापक मंडळींच्या नियमित तपासणीत १२३ जणांकडे त्रास न देणारे खडे सापडले होते. त्यांच्यावर बरीच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पाच वर्षांत १० टक्के, दहा वर्षांत १५ टक्के आणि पंधरा वर्षांत १८ टक्के लोकांना त्रास सुरू झाला. खड्यांमुळे कुणीही दगावलं नाही. यात पुरुषच जास्त होते, ही त्या अभ्यासाची मर्यादा. पण नंतरच्या अभ्यासांतही शंभरातल्या एखाद-दोघांना दरवर्षी त्रास सुरू होतो, असंच चित्र दिसलं.

या अभ्यासातली दुसरी गोष्ट टक्क्यांपेक्षा मोलाची आहे. ज्या थोड्यांना पुढे गंभीर गुंतागुंत झाली, त्यांना आधी दुखून गेलं होतं. अपवाद असतात, पण बहुतेकदा पित्तखडा गप्प असतो, मग दुखून इशारा देतो आणि त्यानंतर घात करतो. म्हणून पहिलं दुखणं येईपर्यंत थांबण्यात बेपर्वाई नाही. मात्र ते दुखणं ओळखता आलं पाहिजे.

खड्याचं दुखणं असं असतं. बेंबीच्या वर मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं, वाढत जातं आणि एका पातळीवर टिकून राहतं. ते निदान अर्धा तास चालतं, बऱ्याचदा काही तास. उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे कळ जाते. संडासला जाऊन, ढेकर देऊन, कूस बदलून किंवा ॲसिडिटीची गोळी घेऊन ते थांबत नाही. अनेकदा ते जड जेवणानंतर रात्री येतं. याउलट छातीत जळजळणं, आंबट ढेकर, पोट फुगणं, जेवल्यावर गॅस होणं हे त्रास खडे नसलेल्यांनाही तितकेच असतात. नेमकी इथेच फसगत होते. ॲसिडिटी जाईल या आशेने पित्ताशय काढलं जातं आणि चार महिन्यांनी तीच जळजळ घेऊन माणूस परत डॉक्टरांकडे जातो.

‘ऑपरेशन तर आता सोपं झालंय, मग भानगडच नको,’ असं मुलगा म्हणतो. सोपं झालंय हे खरं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी १९९० साली भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. आज ती तालुक्याच्या गावीही होते. पोटाला चार लहान छिद्रं पाडतात, बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. पण जोखीम शून्यावर आलेली नाही. साधारण दोन-तीनशे शस्त्रक्रियांमागे एकदा मुख्य पित्तनलिकेलाच इजा होते आणि ती दुरुस्त करायला कधी कधी पुन्हा मोठं ऑपरेशन लागतं. शिवाय भूल आहे, काहींना नंतर पातळ संडासचा त्रास राहतो. ज्याला दुखतंय, त्याच्यासाठी ही जोखीम घेण्याजोगी आहे. ज्याला काहीच होत नाही आणि पुढेही बहुधा होणार नाही, त्याने ती का घ्यावी?

तरीही काही जणांनी दुखण्याची वाट पाहू नये. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, चुना साठून कडक झालेली पित्ताशयाची भिंत, किंवा खड्यांसोबत १० मिलिमीटर वा त्याहून मोठा पॉलिप असेल, तर कर्करोगाची शक्यता वाढते. उत्तर प्रदेश, बिहारसारख्या गंगेच्या खोऱ्यातल्या भागांत पित्ताशयाचा कर्करोग जास्त आढळतो. तिथल्या माणसाबाबत सर्जन काढण्याकडे अधिक झुकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या रक्तपेशी सतत फुटत असल्याने लहान वयातच खडे होतात, आणि त्यांच्या पोटात दुखलं तर ते सिकलसेलचं की खड्याचं हे ठरवणं अवघड जातं. म्हणून त्यांच्यात सोयीच्या वेळी आधीच शस्त्रक्रिया करण्याचा विचार करतात. खडा मुख्य नलिकेत उतरला असेल, तर तो दुखत नसला तरी दुर्बिणीने काढावाच लागतो. नुसता मधुमेह आहे म्हणून मात्र मुके खडे काढत नाहीत.

यातलं काही नसल्याने आपल्या बाई थांबल्या. त्यांना खास पथ्य सांगितलं गेलं नाही, कारण न दुखणाऱ्या खड्याला ते लागत नाही. दोन गोष्टी टाळायला सांगितल्या: झटपट वजन उतरवणं आणि तासन्‌तास उपाशी राहणं. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरलं की नवे खडे होण्याची शक्यता वाढते. फार वेळ पोट रिकामं राहिलं, तर पित्ताशय रिकामं होत नाही आणि पित्त साचून घट्ट होतं. शेजारणीने सांगितलेली पानफुटीची पानं, भरपूर पाणी आणि टोमॅटो बंद हे सगळं मुतखड्यासाठी सांगतात. पित्तखड्याची घडणच वेगळी, त्यावर याचा उपयोग नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबू पिऊन ‘खडे पडले’ म्हणून लोक संडासात हिरवे गोळे दाखवतात. ते तेलाचेच साबणासारखे गोळे असतात, पोटातले खडे जिथल्या तिथे राहतात. विरघळवणाऱ्या गोळ्या खऱ्या आहेत, पण त्या फक्त लहान, चुना नसलेल्या खड्यांवर चालतात, अनेक महिने घ्याव्या लागतात, आणि बंद केल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना पुन्हा खडे होतात.

तीन वर्षांनी एका लग्नाच्या जेवणानंतर रात्री अकराला बाईंना वर वर्णन केलेलं दुखणं आलं. पहाटे दोनला थांबलं. महिन्याभरात पुन्हा आलं. आता पारडं फिरलं. एकदा खड्याचं खरं दुखणं आलं की ते परत येण्याची शक्यता मोठी असते, आणि गुंतागुंतही याच टप्प्यावर होते. शस्त्रक्रिया ठरली, तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली.

पथ्याचा खरा काळ हाच. स्निग्ध अन्न लहान आतड्यात उतरलं की एक संप्रेरक रक्तात येतं आणि पित्ताशय आवळतं. त्या वेळी खडा तोंडाशी अडकला तर कळ येते. म्हणून एका वेळच्या जेवणातली चरबी कमी ठेवायची. घरातली उदाहरणंच पाहू. एक चमचा तेल किंवा तूप म्हणजे सुमारे ५ ग्रॅम चरबी. म्हशीच्या दुधाचा एक पेला म्हणजे सुमारे १३ ग्रॅम, तोच टोन्ड दुधाचा असेल तर ६. शेंगदाण्यात जवळपास निम्मी चरबी असते. बाईंचं एकादशीचं ताट असं असायचं: सकाळपासून चहावर काढायचं आणि दुपारी दोनला साबुदाण्याची खिचडी. बशीभर खिचडीत दोन मोठे चमचे दाण्याचं कूट आणि एक मोठा चमचा तूप धरलं, तरी २० ग्रॅमच्या वर चरबी झाली. लांबलेली उपासमार आणि तिच्या पाठोपाठ चरबीचा मारा, हे या आजाराला सर्वांत वाईट. त्याऐवजी कोरडे फुलके किंवा भाकरी, एक चमचा तेलाच्या फोडणीची आमटी, तेवढ्याच तेलाची भाजी, भात आणि पातळ ताक एवढ्यात १० ते १५ ग्रॅम चरबीत पोटभर जेवण होतं. मटण, तळण, ओल्या खोबऱ्याची वाटणं, साय, फरसाण आणि मिसळीवरची तर्री तेवढे आठवडे बाजूला ठेवायची. तेल पूर्ण बंद करू नये, चार वेळा थोडं थोडं खावं. या पथ्याने दुखणं टळण्याची शक्यता वाढते, हमी मिळत नाही. खडे तर मुळीच जात नाहीत.

वजन फार जास्त असेल, तर काही सर्जन आधीचे दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. त्याने चरबीने सुजलेलं यकृत आक्रसतं आणि त्याखालच्या पित्ताशयापर्यंत पोहोचणं सोपं होतं. हा आहार सर्जनच्या देखरेखीखालीच घ्यावा. शस्त्रक्रियेआधी साधारणपणे जड जेवण आठ तास, हलकं खाणं सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या, हेही त्यांना आठवडाभर आधी विचारून ठेवा.

दुखणं पाच-सहा तासांत थांबलं नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा कळ थेट पाठीत जाऊन उलट्या सुरू झाल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा. पित्ताशयाला सूज येणं, नलिकेत खडा अडकणं किंवा स्वादुपिंडाला सूज येणं याची ती लक्षणं आहेत. ज्यांना यातलं काहीच नाही, खरं दुखणं कधी आलेलं नाही आणि वर सांगितलेल्या अपवादांतही जे बसत नाहीत, त्यांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट जपून ठेवावा आणि पित्ताशय आहे तिथेच राहू द्यावं.