मेलेल्या लिंकची खबर

संकेतस्थळाच्या पानावरची एखादी लिंक चालत नाही, हे ते पान चालवणाऱ्याला कळवणारी ईमेल सात-आठ ओळींची असते. तिच्यात तीन गोष्टी असतात: लिंक कुठे आहे, ती दाबल्यावर काय होते आणि तिच्या जागी काय घालता येईल. पण या तीन गोष्टी अचूक सांगण्यासाठी आधी केलेली पंधरा मिनिटांची खटपटच अशा पत्राचे खरे अंग असते. ती न करता लिहिलेले पत्र बहुधा वाचले जात नाही, आणि वाचले गेलेच तर चुकीची दुरुस्ती करवते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका निवृत्त कृषी-शिक्षकांनी कोरडवाहू पिकांवर मराठीत काही पाने लिहून ठेवली आहेत. त्यातल्या ज्वारीच्या पानाखाली ‘अधिक वाचनासाठी’ म्हणून मराठी विश्वकोशातल्या ‘ज्वारी’ या नोंदीची लिंक आहे. पान जुने आहे, म्हणून लिंकही जुनी, marathivishwakosh.in या पत्त्यावरची. वाईहून निघालेल्या या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली छापून आला आणि पुढे वीस खंडांतल्या नोंदी संगणकावर वाचायला मिळू लागल्या. मात्र महाजालावरचा त्यांचा पत्ता तोच राहिला नाही. आज त्या vishwakosh.marathi.gov.in वर सापडतात. जुन्या पत्त्यात ‘khandas’ हा शब्द आणि खंडाचा क्रमांक असे, नव्या पत्त्यात नुसता एक आकडा असतो. त्यामुळे पुढचे नाव बदलून मागचे शेपूट तसेच ठेवले, असे करून भागत नाही. प्रत्येक नोंद नव्याने शोधावी लागते. मजकूर शाबूत आणि पत्ता हरवलेला, हे लिंक मरण्याचे एक सामान्य कारण आहे, आणि पत्र लिहिणाऱ्याला सर्वांत सोयीचेही.

पहिले काम म्हणजे लिंक खरोखर मेली आहे की नाही ते पाहणे. संगणक 404 दाखवत असेल, तर समोरचा सर्व्हर जिवंत आहे, पण त्या पत्त्यावर पान नाही. 410 आला तर पान मुद्दाम आणि कायमचे काढले आहे. 403 म्हणजे पान आहे, पण पाहणाऱ्याला मज्जाव आहे. सर्व्हरच सापडत नाही असा संदेश आला, तर त्या नावाची नोंदणी संपलेली असू शकते किंवा ते स्थळ तात्पुरते बंद असू शकते. काही सरकारी संकेतस्थळे भारताबाहेरून उघडत नाहीत. म्हणून अमेरिकेत बसून एखादी लिंक मेल्याचे ठरवण्याआधी पुण्या-नागपुरातल्या कुणाकडून ती उघडून पाहिलेली बरी. तासाभराने, दुसऱ्या ब्राउझरमध्ये आणि मोबाइलच्या डेटावर अशी आणखी एकदा खात्री करून घ्यावी. ज्यांना आज्ञा टाइप करण्याची सवय आहे, त्यांना एका ओळीत उत्तर मिळते:

```
curl -I http://example.org/juna-patta
```

उत्तराच्या पहिल्याच ओळीत तो आकडा असतो. मात्र काही सर्व्हर अशी नुसती विचारणा नाकारतात, तेव्हा शेवटचा शब्द ब्राउझरचाच मानावा.

फसवणारे प्रकार दोन आहेत. पहिल्यात लिंक उघडते, आकडाही 200 म्हणजे ‘ठीक’ असा येतो, पण समोर येते ते त्या संस्थेचे मुखपृष्ठ. मूळ लेख गायब असतो. तपासणीची यंत्रे असल्या लिंकला जिवंत समजतात, माणसाला मात्र ती मेलेली दिसते. दुसरा प्रकार याहून वाईट. नावाची नोंदणी संपली की ते नाव कुणीही विकत घेऊ शकतो, आणि कालपर्यंत जिथे लेख होता तिथे आज जुगाराची जाहिरात लागते. याचा एक प्रसिद्ध मासला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला आहे. लहान मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्याबाबतच्या २०११ सालच्या खटल्यात न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी आपल्या स्वतंत्र मतात एका संकेतस्थळाचा हवाला दिला होता. पुढे ते नाव दुसऱ्याच कुणाच्या हाती गेले आणि त्याने तिथे न्यायालयाला टोमणा मारणारा मजकूर लावला. निकालपत्र होते तसेच राहिले, हवाला मात्र भलतीकडे जाऊ लागला. अशा लिंकची खबर देताना ‘चालत नाही’ असे लिहिणे चूक ठरते. ‘उघडते, पण आता दुसरेच काही दाखवते’ असे लिहावे लागते, नाहीतर मालक एकदा दाबून पाहतो, काहीतरी उघडलेले दिसते आणि पत्र बाजूला पडते.

दुसरे काम पर्याय शोधण्याचे. आधी मूळ पानावर काय होते ते पाहावे लागते, आणि त्यासाठी इंटरनेट अर्काइव्हचे ‘वेबॅक मशीन’ उपयोगी पडते. ब्रूस्टर काल यांनी १९९६ साली ही संस्था सुरू केली आणि २००१ पासून तिचा साठा सर्वांना पाहता येऊ लागला. web.archive.org वर जुना पत्ता टाकला की त्या पानाच्या कोणत्या तारखांच्या प्रती जपल्या आहेत ते दिसते. प्रत्येक प्रतीच्या पत्त्यात वर्ष, महिना, दिवस आणि वेळ सांगणारे चौदा आकडे असतात. मालकाने आपले पान ज्या सुमारास लिहिले, त्याच्या जवळची प्रत निवडावी. अगदी शेवटची प्रत पुष्कळदा त्या 404 च्याच पानाची निघते.

पर्यायांचा क्रम ठरलेला आहे. तोच मजकूर नव्या पत्त्यावर मिळाला, तर तो पहिला. तो नसेल तर जपून ठेवलेली प्रत. तीही नसेल, तरच त्याच विषयावरचा दुसऱ्या कुणाचा लेख सुचवावा. कारण मालकाने ज्वारीची नोंद निवडली होती ती वाचून, पारखून. तिच्या जागी परका लेख घालायचा म्हणजे त्याला पुन्हा पारखणे आले. ज्वारीच्या उदाहरणात काम सोपे आहे. विश्वकोशाच्या नव्या स्थळावर ‘ज्वारी’ शोधली, जुन्या प्रतीशी दोन-तीन परिच्छेद ताडून पाहिले, की तीच नोंद असल्याची खात्री होते.

पत्र कुणाला लिहावे हे बहुधा पानाच्या तळाशी, ‘संपर्क’ या शब्दाखाली सापडते. तिथे काही नसेल तर webmaster@ आणि पुढे स्थळाचे नाव असा पत्ता लावून पाहता येतो. १९९७ च्या एका तांत्रिक संकेतानुसार तो याच कामासाठी राखलेला आहे, पण लहान स्थळांवर तो अनेकदा उघडलेलाच नसतो.

यानंतर पत्र. वरच्या उदाहरणासाठी ते असे होईल:

विषय: आपल्या ‘ज्वारी’ पानावरील विश्वकोशाची लिंक उघडत नाही

सप्रेम नमस्कार,

आपल्या ‘ज्वारी’ या पानाच्या शेवटी, ‘अधिक वाचनासाठी’ या मथळ्याखाली ‘मराठी विश्वकोश : ज्वारी’ अशी लिंक आहे. ती marathivishwakosh.in या जुन्या पत्त्यावर जाते आणि पान उघडत नाही. काल आणि आज, संगणक व मोबाइल दोन्हींवर पाहिले.

तीच नोंद आता या पत्त्यावर आहे:
(इथे नोंदीचा संपूर्ण नवा पत्ता, स्वतंत्र ओळीवर)

जुन्या प्रतीशी ताडून पाहिली, मजकूर तोच आहे. विश्वकोशाशी माझा वाचक म्हणून आहे तेवढाच संबंध. सवडीने पाहावे, उत्तराची घाई नाही.

आपला,
(नाव, गाव)

विषयाच्या ओळीतच सगळे सांगितले आहे, कारण ‘एक विनंती’ किंवा ‘आपल्या संकेतस्थळाबद्दल’ अशा विषयाची पत्रे रोज कचऱ्यात जातात. लिंकचे शब्द जसेच्या तसे अवतरणात दिले आहेत, म्हणजे मालकाला पानावर ते शोधून थेट त्या जागी पोचता येते. मायन्यात ‘आदरणीय महोदय’ची गरज नाही, पण परक्या वडीलधाऱ्याला ‘हाय’ म्हणूनही चालत नाही. ‘सप्रेम नमस्कार’ आणि ‘आपण’ एवढ्याने काम भागते.

पत्ता मोकळा आणि पूर्ण लिहायचा, लघुरूप करून नव्हे. कुठे नेतो ते दिसत नसलेल्या पत्त्यावर शहाणा माणूस बोट ठेवत नाही. देवनागरी पत्त्यांची एक खास अडचण आहे. ब्राउझरमध्ये ‘ज्वारी’ असा सुबक दिसणारा शब्द नकलून पत्रात डकवला की त्याची %E0%A4%9C अशी माळ होते. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे आणि प्रत्येक बाइट अशा रूपात तीन अक्षरांचा होतो. ज, हलन्त, व, काना, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे धरली, तर या एका शब्दाची चोपन्न अक्षरे होतात. पत्ता आणखी लांब असला तर काही मेल-प्रणाली तो मधूनच तोडतात आणि दुरुस्तीसाठी पाठवलेली लिंकही तुटकीच पोचते. म्हणून आधी ते पत्र स्वतःलाच पाठवून लिंक दाबून पाहतात.

‘माझा संबंध वाचक म्हणून’ हे वाक्य सौजन्यापोटी घातलेले नाही. गुगलसारखी शोधयंत्रे एखाद्या पानाचे वजन ठरवताना त्याच्याकडे येणाऱ्या लिंकही पाहतात. त्यामुळे मेलेल्या लिंक हुडकून त्यांच्या जागी आपल्या गिऱ्हाइकाचे पान सुचवण्याचा एक धंदाच जाहिरातवाल्यांनी उभा केला आहे. त्यांची पत्रे ओळखू येतात. ‘आपला लेख फारच माहितीपूर्ण आहे’ असे ते म्हणतात, पण कोणता लेख ते नेमके सांगत नाहीत. मेलेली लिंक एका ओळीत उरकते आणि सुचवलेल्या पानाचे कौतुक पाच ओळींत चालते. उत्तर आले नाही तर चौथ्या दिवशी स्मरणपत्र येते. प्रामाणिक पत्रालाही मालक आधी याच नजरेने पाहतो. सुचवलेले पान लिहिणाऱ्याचे स्वतःचे असेल, तर ते सरळ सांगावे आणि शेजारी एखादा दुसरा पर्यायही द्यावा. स्वतःच्या पानाची शिफारस करण्यात गैर काही नाही. ती लपवली आणि नंतर उघडी पडली, तर मात्र पत्रातली खरी माहितीही संशयात जाते.

पत्र गेल्यावर दोन-तीन आठवडे थांबतात, फार तर एक स्मरणपत्र पाठवतात आणि मग विषय सोडून देतात. मालक नवा पत्ता घालतो, नुसती लिंक काढून टाकतो, जपलेली प्रत जोडतो किंवा काहीच करत नाही. अनेक जुन्या पानांचे मालक ती पाने कधीच सोडून गेलेले असतात. तिथे पत्र परत येते किंवा कुणी न उघडणाऱ्या पेटीत पडून राहते. अशा पानाची एक प्रत वेबॅक मशीनच्या ‘Save Page Now’ या चौकटीत पत्ता टाकून जपून ठेवता येते, म्हणजे पुढे ते पानच नाहीसे झाले तरी त्याचा मजकूर सापडतो.