हिमनदी आटते तेव्हा खालच्या नदीचं काय होतं?

पेरूमधली सांता नदी कॉर्डिलेरा ब्लांका या बर्फाच्छादित डोंगररांगेच्या पायथ्याने वाहत जाऊन पॅसिफिक महासागराला मिळते. वर डोंगरात ऑक्टोबर ते एप्रिल पाऊस पडतो. मे ते सप्टेंबर मात्र जवळजवळ कोरडे जातात. त्या महिन्यांत नदीला पाणी पुरवतात झरे आणि वितळणाऱ्या हिमनद्या. किनाऱ्यावर तर वाळवंटच आहे. तिथे चाविमोचिक प्रकल्पाचा कालवा सांताचं पाणी शतावरी आणि ब्लूबेरीच्या शेतांना देतो, त्रुहियो शहरालाही पुरवतो.

हिमनदी निरोगी असते तेव्हा वर्षभरात जेवढं बर्फ वितळतं, साधारण तेवढंच नव्याने साठतं. म्हणजे नदीला फक्त व्याज मिळतं आणि मुद्दल शाबूत राहतं. हवा तापली की मुद्दलही वितळू लागतं.

एक काल्पनिक हिशेब मांडू. 100 हेक्टर बर्फावरून एका कोरड्या हंगामात सरासरी 1 मीटर उंचीचं पाणी वितळलं, तर 10 लाख घनमीटर पाणी मिळतं. तापमान वाढून हा दर 1.3 मीटर झाला आणि बर्फ 90 हेक्टर उरलं, तर 11.7 लाख घनमीटर. नदी वाढलेली दिसते! पुढे दर 1.6 मीटरवर गेला, पण बर्फ 50 हेक्टरच उरलं, की पाणी 8 लाखांवर येतं. वितळण्याचा वेग वाढत असतो, पण वितळायला बर्फच कमी उरतं. प्रवाहाच्या या शिखरानंतर उतरणच असते.

खरा धोका चढणीच्या वर्षांत असतो. वाढलेलं पाणी कायमचं समजून कालवे, बागा आणि शहरं त्यावर बेतली जातात.

सांताच्या वरच्या खोऱ्यातल्या नऊ पाणलोटांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सात पाणलोटांनी हे शिखर बहुधा ओलांडलं आहे, असं त्यात दिसलं. हिमनद्या पूर्ण संपल्या, तर ला बाल्सा या मोजणी केंद्रावर कोरड्या हंगामातला सरासरी प्रवाह 30 टक्क्यांनी घटू शकतो. झरे आणि भूजल उरेल, म्हणून नदी कोरडी पडणार नाही. पण पाऊस नसतो, नेमकं तेव्हाच पाणी कमी पडेल.

पाण्याचा दर्जाही बदलतो. बर्फ मागे सरकल्यावर पायराइट असलेले खडक उघडे पडतात. हवा आणि पाणी लागून त्यातून आम्ल तयार होतं, धातू विरघळतात आणि ओढ्यातले दगड गंजासारखे तांबडे होतात. असं पाणी पिण्यालाही चालत नाही आणि शेतीलाही.

म्हणून अशा नदीची वार्षिक सरासरी पाहून नियोजन करू नये. पावसाळ्याचा मोठा प्रवाह त्या सरासरीत कोरड्या महिन्यांची तूट झाकून टाकतो. जुलै-ऑगस्टच्या नोंदी वर्षानुवर्षं वेगळ्या मांडल्या, तरच उतरण सुरू झाल्याचं वेळेत कळतं आणि नवं क्षेत्र ओलिताखाली आणायचं की नाही, हे ठरवता येतं.