पॉलिसीच्या यादीतून यंत्रांचे रजिस्टर कसे काढावे?

ठाण्याच्या वर्तकनगरात ऑफिस आणि भिवंडीला लूमची शेड, अशी व्यवस्था आपल्या पुष्कळ कापडवाल्यांची आहे. मालक शेडवर असतो. विमा, बँक, लाइटबिल, कामगारांचे कागद हे सगळे ऑफिसातला प्रशासनप्रमुख पाहतो. त्याने यंत्र डोळ्यांनी पाहिलेले असतेच असे नाही. त्याच्याजवळ असते ती विम्याच्या पॉलिसीला जोडलेली यंत्रांची यादी, जिला शेड्यूल म्हणतात. या यादीवरून त्याच्यासाठी रजिस्टर तयार करायचे काम बहुधा ऑफिसातल्या एखाद्या मुलाकडे येते. तो दोन तासांत यादी उतरवून देतो, आणि त्यात झालेली चूक कळते ती नुकसान झाल्यावर. २६ जुलै २००५ च्या पुरात भिवंडी आणि कल्याणकडे पाणी भरले, तेव्हा कोणते यंत्र किती रकमेला उतरवले आहे हे शोधायची पाळी अनेकांवर आली. विमा घ्यावा की नाही, यावर उलमांमध्ये चर्चा आहे. तो विषय येथे घेत नाही. बँकेचे कर्ज असले की विमा घ्यावाच लागतो, आणि घेतला तर त्याचा हिशेब साफ असावा, एवढेच सांगायचे आहे.

एक नमुना घेऊ. समजा, शेड्यूलमध्ये पाच बाबी आहेत. पहिली, रेपियर लूम ८ नग, क्रमांक ००४५१७ ते ००४५२४, रक्कम ४८ लाख. दुसरी, वार्पिंग मशीन, ९ लाख. तिसरी, जनरेटर, ७ लाख. चौथी, इलेक्ट्रिक पॅनेल व फिटिंग, ४ लाख. पाचवी, वर्तकनगर ऑफिसातले कॉम्प्युटर व यूपीएस, २ लाख. एकूण ७० लाख.

रजिस्टरमध्ये पहिला रकाना शेड्यूलमधील बाब क्रमांकाचा ठेवावा. त्यानंतर यंत्राचे वर्णन, सिरीयल नंबर, जागा आणि विम्याची रक्कम. वर्णन शेड्यूलमध्ये जसे छापले आहे तसेच उतरवावे. आपल्याकडे त्या यंत्राला दुसरे नाव असेल तर ते शेरा म्हणून बाजूला लिहावे. जागेचा रकाना गाळू नये, कारण विमा पॉलिसीत लिहिलेल्या जागेवरच्या मालाचा असतो. ऑफिसातला यूपीएस शेडवर नेला आणि कंपनीला कळवले नाही, तर भरपाईच्या वेळी वाद होतो.

सिरीयल नंबर एक्सेलमध्ये उतरवताना दोन गोष्टी होतात. ००४५१७ टाइप केले की पुढची दोन शून्ये गळतात आणि ४५१७ उरते. नंबर पंधरा आकड्यांहून लांब असेल तर पंधराव्यानंतरचे आकडे शून्य होतात. म्हणून नंबर भरण्याआधीच त्या रकान्याचा प्रकार टेक्स्ट करावा. नंतर केला तर गेलेले आकडे परत येत नाहीत. कागद झेरॉक्स किंवा स्कॅन केलेला असेल तर इंग्रजी ओ आणि शून्य, इंग्रजी बी आणि आठ यांची अदलाबदल होते. खात्री करायला शेडवर जाऊन यंत्राची पाटी वाचावी लागते. तेथेही जपावे. लूमच्या मोटरवर मोटरचा वेगळा नंबर असतो, आणि तो सहज दिसतो म्हणून कामगार तोच सांगतो. लूमचा नंबर त्याच्या फ्रेमवरच्या पाटीवर पाहावा.

सर्वांत मोठी चूक रकमेच्या रकान्यात होते. ८ लूमचे मिळून ४८ लाख आहेत. मुलगा आठ ओळी करतो आणि प्रत्येकीसमोर ६ लाख लिहितो. बेरीज बरोबर येते, प्रमुखही खूश होतो. पण पॉलिसीत कोठेही एका लूमचे ६ लाख लिहिलेले नाहीत. हा आकडा आपण बनवला. बरोबर रीत अशी की आठ लूमच्या आठ ओळी नंबरासाठी कराव्यात, प्रत्येकीत बाब क्रमांक १ लिहावा, आणि ४८ लाख ही रक्कम एकदाच, बाबीच्या ओळीत लिहावी. बाकीच्या ओळींतील रक्कम कोरी ठेवावी. अंदाजाचा भाव लिहायचा असेल तर त्याला वेगळा रकाना द्यावा.

आता बेरीज. रजिस्टरची बेरीज शेड्यूलच्या एकूण रकमेशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे. यादी दोन पानांची असेल तर पहिल्या पानाच्या शेवटची बेरीज दुसऱ्या पानावर 'पुढे आणले' म्हणून छापलेली असते. ती एक बाब समजून उतरवली तर रक्कम फुगते. उलट, बेरीज कमी आली तर मध्येच काढलेली पुरवणी, म्हणजे एन्डॉर्समेंट, राहून गेलेली असते. आपल्या नमुन्यात शेडवर पाट्या वाचल्या तेव्हा सहा नंबर जुळले, दोन जुळले नाहीत. फाइल चाळल्यावर कळले की दिवाळीनंतर दोन जुने लूम विकून दोन नवे घेतले होते, आणि त्याच्या पुरवणीत पहिल्या बाबीची रक्कम ३ लाखांनी वाढवली होती. म्हणून बाब १ आता ५१ लाख आणि एकूण ७३ लाख. बदलाच्या ओळीत पुरवणीची तारीख लिहावी, जुना नंबर खोडून न टाकता 'विकला' असा शेरा द्यावा.

बाबीची रक्कम अखंड ठेवण्याचे कारण भरपाईच्या हिशेबात आहे. पॉलिसी नव्या यंत्राच्या किमतीच्या आधारावर आहे, आणि असे आठ लूम आज घ्यायला ६८ लाख लागतात असे समजा. विमा आहे ५१ लाखांचा, म्हणजे तीन चतुर्थांश. आगीत ८ लाखांचे नुकसान झाले, तर विमा ५१ लाखांचा आहे म्हणून पूर्ण ८ लाख मिळत नाहीत. त्याच प्रमाणात ६ लाख मिळतात, आणि पॉलिसीतील वजावट त्यातूनही जाते. याला सरासरीची अट म्हणतात, आणि ती प्रत्येक बाबीला वेगळी लागते. वार्पिंग मशीनचा विमा जास्त आहे म्हणून लूमची कमतरता भरून निघत नाही. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आली आहे. एका जागेवरील मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती मिळते, आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी असला तर त्यासाठी रक्कम कापत नाहीत. आपल्या नमुन्यात कमतरता २५ टक्के आहे, त्यामुळे ही सवलतही कामाला येत नाही.

प्रशासनप्रमुखाला हे नूतनीकरणाच्या आधी दिसले पाहिजे. म्हणून विम्याच्या रकमेशेजारी 'आजची नवी किंमत' असा रकाना ठेवावा, त्यात विक्रेत्याकडून आणलेला भाव आणि त्याची तारीख लिहावी. हिशेबाच्या वहीतील घसारा वजा केलेली किंमत तेथे लिहू नये. ती आयकरासाठी आहे आणि पुष्कळ कमी असते. तिच्यावर विमा उतरवल्यानेच कमतरता तयार होते.

शेवटी रजिस्टरवर पॉलिसीचा क्रमांक, मुदत, उतरवणाऱ्याचे नाव आणि पाट्या वाचल्याची तारीख लिहावी. हे रजिस्टर पॉलिसीची जागा घेत नाही. सर्व्हेअर शेवटी शेड्यूल आणि पुरवणीच पाहतो. म्हणून या दोन्ही कागदांची एक प्रत वर्तकनगरच्या ऑफिसात आणि एक शेडपासून दूर, घरी ठेवावी. शेडच्या कपाटात ठेवलेली पॉलिसी यंत्रांबरोबरच भिजते किंवा जळते.