पत्रातला परवान्याचा परिच्छेद

इंग्लंडमध्ये एनएचएसच्या एखाद्या ट्रस्टमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, नर्सची जागा निघाली की जाहिरातीसोबत एक तक्ता येतो. त्याला ‘पर्सन स्पेसिफिकेशन’ म्हणतात. उमेदवाराकडे काय असायलाच हवं आणि काय असलं तर बरं, हे त्यात दोन रकान्यांत दिलेलं असतं. अर्ज वाचणारी वॉर्ड मॅनेजर हा तक्ता शेजारी ठेवूनच अर्ज तपासते. अर्जदाराचं नाव, वय सहसा तिला त्या वेळी दिसत नाही. तिच्यापुढे असतं ते ‘सपोर्टिंग इन्फर्मेशन’च्या चौकटीतलं लिखाण. आपण ज्याला कव्हर लेटर म्हणतो, ते तिथे या चौकटीत जातं.

अर्ज परदेशातून आलेला असेल तर तिला आणखी एक गोष्ट जाणून घ्यायची असते. ही नर्स आमच्या वॉर्डात पूर्ण अधिकाराने काम कधी सुरू करेल, आणि तोवर आम्हाला काय काय करावं लागेल? पत्रातले परवान्याचे आणि स्थलांतराचे परिच्छेद याचं उत्तर देण्यासाठी असतात. बहुतेक पत्रं नेमकी इथेच ढिली पडतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, मिरजेच्या एका रुग्णालयात सहा वर्षं आयसीयूत काम केलेली बीएस्सी नर्स इंग्लंडमध्ये ‘बँड ५’च्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या जागेसाठी अर्ज करते आहे. जाहिरातीत व्हिसासाठी स्पॉन्सरशिप मिळेल असं लिहिलेलं आहे. हे आधी पाहावंच लागतं, कारण ती न देणाऱ्या ट्रस्टकडे कितीही चांगलं पत्र गेलं तरी उपयोग नाही. पहिल्या खर्ड्यात तिने लिहिलं, ‘मी नोंदणीकृत नर्स असून माझी एनएमसीची प्रक्रिया सुरू आहे. लवकरच ती पूर्ण होईल.’

या दोन वाक्यांत दोन अडचणी आहेत. एनएमसी म्हणजे तिथली नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल. ‘रजिस्टर्ड नर्स’ ही उपाधी ब्रिटनमध्ये कायद्याने राखीव आहे आणि या कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असलेल्यांनाच ती लावता येते. म्हणून ‘महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीकृत’ असं पूर्ण लिहायला हवं. दुसरी अडचण ‘प्रक्रिया सुरू आहे’ या शब्दांची. काल इंग्रजीच्या परीक्षेचा फॉर्म भरणारीही हेच लिहू शकते आणि शेवटच्या पायरीवर उभी असलेलीही.

पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी इंग्रजी. आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये एकूण ७, लेखनात किमान ६.५ आणि बाकी तिन्ही भागांत ७ गुण लागतात. त्याऐवजी आरोग्यक्षेत्रासाठीची ओईटी देता येते. मग सीबीटी ही संगणकावरची परीक्षा, जी भारतातल्या केंद्रावर देता येते. तिचे दोन भाग असतात: औषधांच्या मात्रा आणि सलाइनचा वेग काढण्याची १५ गणितं, आणि नर्सिंगचे १०० बहुपर्यायी प्रश्न. मग एनएमसी पदवी आणि नोंदणीची कागदपत्रं तपासते. शेवटी ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा, जी ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावी लागते. तिची दहा स्थानकं असतात. त्यांतली चार रुग्णाची तपासणी, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन या क्रमाने एकमेकांना जोडलेली असतात, चार कौशल्यांची आणि दोन लेखी.

आपल्याकडच्या नर्सचं घोडं बहुधा कागदपत्रांच्या पायरीवर अडतं. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि कौन्सिलच्या दाखल्यात मधलं नाव वेगळ्याच स्पेलिंगमध्ये. शिवाय मूळ कौन्सिलने नोंदणीची पडताळणी परस्पर एनएमसीला कळवावी लागते. तिथे नाव जुळलं नाही की फाइल थांबते. म्हणून लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच जोडलेलं बरं. पत्रात ही कहाणी सांगायची नाही, पडताळणी झाली की नाही एवढंच लिहायचं.

आमच्या उदाहरणातल्या नर्सने तो परिच्छेद पुन्हा लिहिला. पत्र इंग्रजीतच जाणार, त्याचा मराठी आशय असा: ‘मी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीकृत आहे. आयईएलटीएसमध्ये मला एनएमसीला हवे तेवढे गुण आहेत. सीबीटीचे दोन्ही भाग मी उत्तीर्ण झाले आहे. एनएमसीने माझी पात्रता मान्य केली असून आता फक्त ओएससीई उरली आहे. रुजू झाल्यापासून १२ आठवड्यांच्या आत ती देण्याची माझी तयारी आहे.’

हे १२ आठवडे तिच्या मनचे नाहीत. व्हिसाच्या नियमानुसार अशा नर्सने एवढ्या मुदतीत ओएससीईला पहिल्यांदा बसावं लागतं आणि आठ महिन्यांत नोंदणी मिळवावी लागते. तोवर ती साधारणपणे खालच्या, बँड ४च्या पगारावर, दुसऱ्या नर्सच्या देखरेखीखाली काम करते. परीक्षेचं शुल्क ७९४ पौंड ठेवलेलं होतं, आणि अनेक ट्रस्ट पहिल्या खेपेला ते भरतात. म्हणजे ‘ओएससीई उरली आहे’ हे वाचताना मॅनेजर तिच्या सरावासाठी वेळ, खर्च आणि ड्यूटीचं वेळापत्रक यांचा हिशेब मांडत असते. तो मांडता येईल इतकं नेमकं वाक्य तिला हवं असतं.

स्थलांतराचा परिच्छेद याच हिशेबाचा पुढचा भाग. आपल्या सवयीने तिने आधी लिहिलं होतं की ती विवाहित आहे, एक मुलगा आहे आणि पती सोबत येतील. हे सगळं तिने काढून टाकलं. ब्रिटनच्या २०१०च्या समता कायद्यानुसार वैवाहिक स्थितीवरून उमेदवाराशी भेदभाव करता येत नाही, त्यामुळे निवड समितीला ही माहिती नकोच असते. त्याऐवजी तिने मागून पुढे तारखा मोजल्या. नोटीस दोन महिन्यांची. नोकरी पक्की झाल्यावर ट्रस्ट ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देतं आणि त्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी लागते, तिचा दाखला सहा महिने चालतो. पोलिसांचा चारित्र्य दाखलाही लागतो. म्हणून क्षयाची तपासणी फार आधी करून ठेवण्यात अर्थ नाही, आणि स्पॉन्सरशिप हातात येण्याआधी राजीनामा देणं धोक्याचं.

तिने लिहिलं: ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप मिळाल्यावर मी राजीनामा देईन. माझी नोटीस दोन महिन्यांची आहे. त्याच काळात मी व्हिसाचा अर्ज करेन, त्यामुळे सुमारे १४ आठवड्यांत रुजू होऊ शकेन. माझी मूळ प्रमाणपत्रं माझ्याकडेच आहेत. पहिल्या तीन महिन्यांसाठी रुग्णालयाच्या निवासात एका व्यक्तीची सोय झाल्यास मदत होईल.’ मूळ प्रमाणपत्रांचं वाक्य साधं वाटेल, पण आपल्याकडे काही रुग्णालयं बाँड म्हणून ती अडकवून ठेवतात. ती सुटलेली नसतील तर १४ आठवड्यांचा अंदाज कागदावरच राहतो.

अनुभवाच्या परिच्छेदातही तिने ‘कष्टाळू’, ‘प्रामाणिक’ हे शब्द काढले आणि आयसीयू किती खाटांचं, एका पाळीत तिच्याकडे व्हेंटिलेटरवरचे किती रुग्ण असतात, तक्त्यातल्या कोणत्या मुद्द्याला तिचं कोणतं काम लागू पडतं, हे लिहिलं. सोबत एक मर्यादाही मान्य केली. मिरजेत ती रोज शिरेत कॅन्युला घालते, पण नव्या ट्रस्टमध्ये स्थानिक प्रशिक्षण आणि मूल्यांकन झाल्याशिवाय ते काम सहसा करू देत नाहीत. ‘हे मला ठाऊक आहे’ असं तिने लिहिलं. अशा वाक्यावरून समितीला कळतं की इथले नियम तिने वाचलेले आहेत.

एजंटकडून तयार पत्र घेण्याचा मोह बऱ्याच जणींना होतो. त्यात अडचण अशी की तेच परिच्छेद इतर अर्जांतही असतात, आणि मुलाखतीत ‘नोटीस किती?’ असं विचारलं की पत्रातलं आणि तोंडातलं उत्तर जुळत नाही. ब्रिटनच्या परदेशी भरतीच्या आचारसंहितेनुसार नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. म्हणून पत्र स्वतः लिहावं, आणि पाठवण्याआधी त्यातली प्रत्येक तारीख, प्रत्येक गुण मूळ कागदाशी ताडून पाहावा. मुलाखतीत आणि नोकरीआधीच्या तपासणीत हेच तपशील पुन्हा विचारले जातात.