घरखर्चाचा मेळ : इंग्रजी पत्रक बचत गटाच्या बैठकीत उतरताना

घरखर्चाच्या नियोजनावरील कार्यशाळेचे इंग्रजी पत्रक बहुतेक वेळा दोन पानांचे असते. एका पानावर उत्पन्न, खर्च, बचत आणि कर्ज यांच्या व्याख्या असतात, तर दुसऱ्या पानावर महिन्याचा रिकामा तक्ता. तक्त्याखाली अनेकदा पन्नास-तीस-वीसचा नियमही दिलेला असतो: हाती येणाऱ्या पैशातले निम्मे गरजांवर, तीस टक्के इच्छांवर आणि वीस टक्के बचतीसाठी. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची कन्या अमेलिया वॉरन त्यागी यांच्या २००५ सालच्या पुस्तकामुळे हा नियम अमेरिकेत लोकप्रिय झाला. दरमहा ठरावीक पगार घेणारे कुटुंब त्यात गृहीत धरलेले आहे. अशा पत्रकाचे शब्दशः मराठी करायला एक दुपार पुरते. पण गावातल्या बचत गटाच्या बैठकीत ते वाचले, की व्याकरण बिनचूक असूनही भलतीच उत्तरे येऊ लागतात.

पहिला अडथळा ‘उत्पन्न’ या शब्दाचा. शेतकरी घरात उत्पन्न म्हणजे रानातून निघालेला माल. ‘तुमचे उत्पन्न किती?’ असे विचारले तर ‘यंदा सहा क्विंटल’ असे उत्तर येते आणि ते अगदी बरोबर असते. शिवाय ‘उत्पन्नाचा दाखला’ या सरकारी कागदामुळे शब्दाला वेगळीच धास्ती चिकटली आहे. आकडा जास्त सांगितला तर एखादी योजना हातची जाईल, असे वाटून बाई तो कमी सांगते. त्याऐवजी ‘घरात पैसा कुठून आणि कधी येतो?’ असे विचारले, की मजुरी, दुधाचा पगार, शिलाई, अंडी असे एकेक बाहेर पडते. या वाक्यातला ‘कधी’ फार महत्त्वाचा आहे. त्याचा खुलासा पुढे येईल.

‘बचत’ हा शब्द तर गटाच्या नावातच आहे, म्हणून तो सर्वांत सोपा वाटतो आणि तोच जास्त फसवतो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब ही पंचसूत्री पाठ असलेल्या बाईसाठी बचत म्हणजे बैठकीत भरायची वर्गणी. ‘महिन्याला बचत किती?’ याचे उत्तर ‘दोनशे’ असेच येणार. इंग्रजी पत्रकाला मात्र खर्च भागवून मागे राहिलेला पैसा अभिप्रेत असतो. मराठी पत्रकात या दोन गोष्टींना दोन नावे हवीत: ‘गटाची बचत’ आणि ‘हातात उरलेले’. गटाची बचत तर खर्चाच्या बाजूलाच लिहिलेली बरी, कारण ती भरायला दर महिन्याला रोख काढावी लागते.

तिसरा शब्द ‘कर्ज’. ‘कर्ज आहे का?’ यावर सरसकट ‘नाही’ असे उत्तर येते. त्याचा अर्थ बँकेचे कर्ज नाही एवढाच असतो. किराणा दुकानाच्या वहीतली उधारी, नणंदेकडून घेतलेले हातउसने, सोनाराकडे ठेवलेली बोरमाळ, फायनान्स कंपनीचा आठवड्याचा हप्ता यांतल्या कशालाही ती बाई कर्ज म्हणत नाही. म्हणून अनुवादात एका रकान्याचे पाच रकाने करावे लागतात. शिवाय हा भाग बैठकीत सगळ्यांसमोर भरून घेऊ नये, घरी भरायला द्यावा. मूळ इंग्रजी पत्रकात अशी सूचना नसते, पण जिथे शेजारीण मांडीला मांडी लावून बसलेली असते तिथे ती लिहावीच लागते.

‘गरजा आणि इच्छा’ ही जोडी मराठीत आणताना आहेराशी अडते. लग्नातला आहेर पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने इच्छेत मोडतो. पण कित्येक घरांत आहेराची वही जपून ठेवलेली असते: कोणी किती दिले, कोणती साडी दिली. ज्याने आपल्या मुलीच्या लग्नात हजार रुपये दिले, त्याच्या घरच्या लग्नात निदान तेवढे परत करावेच लागतात. व्यवहाराने ते देणेच आहे. अशा खर्चावर ‘इच्छा’ असा शिक्का मारणारे पत्रक बाईला उधळी ठरवते आणि तिथून पुढे ती ऐकेनाशी होते. ‘हा खर्च पुढे ढकलता येईल का, आणि किती दिवस?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. औषध उद्यावर टाकता येत नाही, आहेर लग्नाच्या तारखेपर्यंत थांबतो, नवी मिक्सर दिवाळीपर्यंत थांबते.

शब्द जुळले तरी तक्ता जुळत नाही, कारण त्याचे माप महिना आहे. गावातल्या घरात पैसा निरनिराळ्या फेऱ्यांनी फिरतो. मजुरी आठवड्याच्या बाजारादिवशी मिळते, दुधाचा पगार बऱ्याच डेअऱ्यांत दहा दिवसांनी होतो, शेतमालाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो. मोबाईलचे रिचार्जसुद्धा बहुतेकदा महिन्याचे नसते. ते अठ्ठावीस दिवसांचे असते, म्हणून वर्षात बाराऐवजी तेरा वेळा करावे लागते. दोन फोनांना मिळून पाचशे रुपये धरले तर वर्षाचे सहा हजार नव्हे, साडेसहा हजार होतात.

यासाठी पत्रकात रिकाम्या तक्त्याआधी एक घर पूर्ण सोडवून दाखवावे. आकडे कल्पित असले तरी चालतील, पण घर ओळखीचे वाटले पाहिजे. समजा, साताऱ्याच्या दुष्काळी भागातले एक कुटुंब आहे. नवरा कोंबड्यांच्या शेडवर महिना ९,००० रुपयांनी काम करतो. बायको रोजाने शेतमजुरीला जाते आणि काम असेल त्या आठवड्यात तिला १,५०० रुपये मिळतात. गोठ्यात एक गाय आहे, तिच्या दुधाचा पगार दहा दिवसांना २,४०० रुपये. नुसता महिन्याचा तक्ता दिला तर ती चार आठवड्यांचे ६,०००, तीन पगारांचे ७,२०० आणि नवऱ्याचे ९,००० लिहील. बेरीज २२,२०० रुपये.

तोच हिशेब वर्षावर मांडला की चित्र बदलते. मजुरी वर्षाचे बावन्न आठवडे मिळत नाही, चाळीसच मिळते. म्हणजे ६०,००० रुपये. दुधाच्या पगारातून पेंडीचे १,२०० रुपये जातात आणि हातात १,२०० येतात. गाय दहा महिने दूध देते, म्हणून असे तीस पगार होतात: ३६,००० रुपये. उरलेले दोन महिने गाय आटलेली असते, तरी तिला महिन्याला हजार रुपयांचे खाद्य लागतेच. ते वजा केले की ३४,००० राहतात. नवऱ्याचे १,०८,००० धरून वर्षाचे २,०२,००० रुपये होतात. बाराने भागले तर महिन्याला सुमारे १६,८०० पडतात. तक्त्यातल्या आकड्यापेक्षा ते पाच हजारांहून अधिक कमी आहेत.

खर्चाच्या बाजूला याच्या उलट घडते. बाजार, किराणा, वीज, गॅस, रिचार्ज, औषधपाणी, मुलांचा प्रवास, हप्ता आणि गटाची बचत असा नेहमीचा खर्च या घरात महिन्याला सुमारे १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,००० आहे. आठवड्याचा बाजार त्यात बावन्न वेळा धरला आहे, अठ्ठेचाळीस वेळा नाही. पण महिन्याच्या तक्त्यात जे कधीच दिसत नाही ते वेगळेच: जूनमध्ये शाळेचे ८,०००, पावसाळ्याआधी पत्रे आणि कौले दुरुस्तीचे ४,०००, गौरी-गणपतीचे ३,०००, दिवाळीचे १२,०००, गावच्या जत्रेचे ५,००० आणि वर्षभरातल्या आहेरांचे ६,०००. हे ३८,००० मिळवले की एकूण खर्च १,८२,००० होतो आणि वर्षाअखेर २०,००० उरतात, म्हणजे महिन्याला साधारण १,७०० रुपये.

महिन्याचा तक्ता मात्र याच घराला महिन्याला दहा हजार उरतात असे सांगतो. असे पत्रक भरणारी बाई खिशात नसलेल्या दहा हजारांचा शोध घेते, नवऱ्यावर संशय घेते किंवा स्वतःलाच दोष देते. खरे तर चूक पत्रकाच्या मापात असते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे. तक्त्यातली शिल्लक आणि महिनाअखेरीस डब्यात खरोखर असलेले पैसे यांत मोठी तफावत असेल, तर आधी ‘वर्षातून एकदाच येणारा खर्च कोणता राहिला?’ आणि ‘पैसा येत नाही असे आठवडे किती?’ हे दोन प्रश्न विचारावेत.

उदाहरणाचा तिसरा टप्पा जूनचा. वर्षाला वीस हजार उरणाऱ्या या घरातही जून अडतो. गाय मे-जूनमध्ये आटलेली असली तर नवऱ्याचे ९,००० आणि मजुरीचे ६,००० यांतून खाद्याचे हजार जाऊन १४,००० राहतात. नेहमीचा खर्च १२,००० आणि शाळेचे ८,००० मिळून २०,००० लागतात. सहा हजार कमी पडतात. म्हणून मराठी पत्रकाचे दुसरे पान जानेवारी ते डिसेंबर अशा बारा चौकोनांचे करावे आणि प्रत्येक चौकोनात त्या महिन्याची ओळखीची खूण छापावी: दप्तर, गणपती, पणती, नांगर. जिला वाचता येत नाही तिलाही आपला अडणारा महिना बोट ठेवून दाखवता येतो.

मजकूर लिहिताना तो डोळ्यांनी नाही, कानांनी वाचला जाणार आहे हे धरून चालावे. गटात सहसा एखादी सदस्य किंवा सचिव मोठ्याने वाचते आणि बाकीच्या ऐकतात. ‘सदर रकान्यात नोंद करण्यात यावी’ हे वाक्य वाचणारीच्या तोंडात अडखळते. ‘इथे लिहा’ एवढे पुरते. २,५०० या आकड्याशेजारी ‘अडीच हजार’ असे अक्षरांतही द्यावे, कारण बोलण्यात पैसा सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन असाच येतो. व्याज ‘वार्षिक २४ टक्के’ असे लिहिले तर महाग वाटते आणि तेच ‘शेकडा दोन’ म्हटले तर नेहमीचे वाटते. दोन्ही शेजारी शेजारी लिहून ती एकच गोष्ट आहे असे सांगितले, तरच बँकेच्या दराशी तुलना करता येते. अनुवाद तपासायचा तर तो पुन्हा इंग्रजीत करून पाहण्यापेक्षा एका गटात वाचून घ्यावा आणि ऐकणारीला ‘आता हे शेजारणीला सांगा’ असे म्हणावे. सांगताना ती जो शब्द बदलते, तो पत्रकातही बदलावा.

भरलेली दुसरी पाने बैठकीत शेजारी शेजारी ठेवली की आणखी एक अडचण दिसते, जिचा इंग्रजी पत्रकात उल्लेखच नसतो. एका वस्तीतल्या सगळ्या घरांचा अडणारा महिना बहुधा एकच असतो. पंधरा सदस्यांनी दरमहा दोनशे भरले तर वर्षात ३६,००० जमतात; प्रत्येकीला जूनमध्ये सहा हजार हवे असतील तर ९०,००० लागतील. म्हणून पत्रकाच्या शेवटी गटासाठी एक ओळ असावी: जूनमध्ये कोणाकोणाला पैसे लागणार, त्यांतल्या कोणाला दुधाचा किंवा पगाराचा आधार आहे, आणि कोण फेब्रुवारीपासून महिन्याला दीड हजार बाजूला ठेवू शकते. वरच्या उदाहरणातल्या घरात फेब्रुवारीमध्ये गाय दुधावर असते आणि नवऱ्याचा पगार चालू असतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंतच्या अशा चार हप्त्यांत तिचे सहा हजार जमतात, आणि गटातले तेवढे पैसे जिच्या घरात मजुरीशिवाय दुसरी आवक नाही तिच्यासाठी राहतात.