नायकाचा प्रवास आणि सांगवीकरची परतवाट

खानदेशातलं गाव सोडून पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो. होस्टेलवर राहतो, मेसचा कारभार अंगावर घेऊन गोत्यात येतो, नापास होतो आणि शेवटी गावी परततो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) हा सांगाडा पाहून आदिबंधात्मक समीक्षा करणाऱ्याला जोसेफ कॅम्पबेल आठवणारच.

कॅम्पबेल यांनी १९४९ साली जगभरच्या पुराणकथांतून एक सामाईक आकृतिबंध मांडला. नायक घर सोडतो, कसोट्यांतून जातो आणि समाजासाठी काही वरदान घेऊन परततो. या तीन टप्प्यांचे त्यांनी पुढे १७ पोटटप्पे केले.

‘कोसला’त पहिले दोन टप्पे सहज सापडतात. मग मोह वाढतो. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेव्हा पांडुरंगाचं दुःख म्हणजे पाताळात उतरणं ठरतं. अजिंठ्याची लेणी म्हणजे तर नायकाला हवी असलेली गुहाच! पण असं वाचताना मनी ही मुलगी न राहता एक पायरी होऊन जाते. शिवाय तेच लेणं ‘गुहा’ही ठरतं आणि ‘गुरूची भेट’ही. एकच प्रसंग दोन-तीन खणांत सारखाच बसत असेल, तर बसणं हा पुरावा उरत नाही.

हा धोका जुनाच आहे. लॉर्ड रॅगलन यांनी १९३६ साली पुराणनायक ओळखण्याच्या २२ खुणा दिल्या होत्या. १९६५ साली फ्रान्सिस ली अटली या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने अब्राहम लिंकनला त्या सगळ्या खुणांत बसवून दाखवलं. निकष थोडे ताणले की खराखुरा राष्ट्राध्यक्षही दंतकथा ठरतो.

म्हणून वाचण्याआधीच ठरवावं लागतं की काय सापडलं नाही तर आपला दावा पडेल. ‘कोसला’पुरतं ते वरदान आहे. पांडुरंग पदवी आणत नाही, गावाला देण्यासारखं ज्ञानही नाही. ‘अपयशातून आलेली समज हेच वरदान’ असं म्हणून खण भरता येतो, पण मग रिकाम्या हातांनी परतलेला कुठलाच नायक जगात उरणार नाही.

इथे नॉर्थ्रॉप फ्राय अधिक उपयोगी पडतात. १९५७च्या ग्रंथात त्यांनी उपरोधाच्या साहित्याकडे साहसकथेची उलटी बाजू म्हणून पाहिलं: शोधयात्रेचा आकार तोच, पण आत पराभव आणि निरर्थकता. या नजरेने वरदानाचा अभाव लपवावा लागत नाही. वाचक ज्याची वाट पाहतो ते कादंबरी मुद्दाम नाकारते, हे दिसतं.

तरीही बरंच काही बाहेर राहतं. ‘कोसला’ डायरीचं रूप घेते, बखरीच्या थाटात शिरते आणि पांडुरंगाच्या बोलीवर सगळा डोलारा पेलते. टप्प्यांचा नकाशा घटनांचा क्रम सांगतो. हा आवाज ऐकायला कादंबरीतल्या वाक्यांकडेच जावं लागतं.