दुबईतला सर्व्हेअर, पुण्यातलं बिलिंग

आखातात दहा-बारा वर्षं बांधकामाची बिलं केलेला माणूस पुण्यात परततो आणि शंभर ठिकाणी बायोडेटा पाठवूनही दोन महिने त्याला फोन येत नाही, असं बऱ्याचदा घडतं. घरचे म्हणतात, मंदी आहे. मित्र म्हणतात, वय आड येतंय. ही दोन्ही कारणं असू शकतात. पण त्याआधी बायोडेटाच्या माथ्यावरच्या चार-पाच ओळी, म्हणजे ज्याला सारांश किंवा समरी म्हणतात तो मजकूर, एकदा काढून पाहावा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

क्वांटिटी सर्व्हेअरचं उदाहरण घेऊ. कोकणातून, सांगली-कोल्हापूरकडून सिव्हिलचा डिप्लोमा करून आखातात गेलेल्यांपैकी काही जण याच कामात स्थिरावतात. समजा, एकाने डिप्लोमानंतर तीन वर्षं पुण्यात साइटवर बिलं केली, 2014 मध्ये तो दुबईला गेला आणि अकरा वर्षांनी परत आला. तिकडून आणलेला त्याचा सारांश साधारण असा असतो (प्रत्यक्षात हा मजकूर इंग्रजीत असतो, इथे मराठीत देतो): ‘आखाती देशांतला 11 वर्षांचा अनुभव असलेला निष्णात क्वांटिटी सर्व्हेअर. फिडिक, पोमी, व्हेरिएशन, इंटरिम पेमेंट यांचं सखोल ज्ञान. 18 कोटी दिरहमच्या टॉवर प्रकल्पात सहभाग. आव्हानात्मक पदाच्या शोधात.’

यात खोटं काही नाही. दुबईतल्या दुसऱ्या ठेकेदाराने हे वाचलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं. अडचण पुण्यात वाचणाऱ्याची आहे. मध्यम आकाराच्या बिल्डरकडे हा कागद आधी एचआरच्या टेबलावर पोचतो. त्या व्यक्तीला वरून निरोप असतो, ‘बिलिंगला माणूस हवाय.’ नोकरीच्या पोर्टलवर ती बिलिंग इंजिनिअर, आरए बिल, बीबीएस असे शब्द टाकून शोधते. मोठ्या कंपन्यांत क्वांटिटी सर्व्हेअर हे पद असतं. पण छोट्या-मध्यम ठिकाणी हेच काम बिलिंग इंजिनिअर करतो. आपल्या माणसाच्या सारांशात यातला एकही शब्द नाही. शोधात तो दिसतच नाही, मग निवड होणं दूरच.

म्हणून पहिली दुरुस्ती सोपी आहे: दर महिन्याचा पेमेंट अर्ज म्हणजे इथलं आरए बिल, व्हेरिएशन म्हणजे इथलं एक्स्ट्रा आयटम, असं लिहायचं. पण एवढ्यावर थांबून चालत नाही. शब्द बदलून बायोडेटा शोधात येतो, मुलाखतीपर्यंतही पोचतो आणि तिथे आपटतो. कारण काम दोन्हीकडे सारखं दिसत असलं, तरी त्याचा सांगाडा वेगळा आहे.

दुबईत मुख्य ठेकेदाराचा सर्व्हेअर महिन्याचा हिशेब करून सल्लागार अभियंत्याकडे पाठवतो. फिडिकच्या 1999 च्या लाल पुस्तकातला मूळ मसुदा लागू असेल, तर अभियंत्याने 28 दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं आणि मालकाने 56 दिवसांत पैसे चुकते करायचे. सगळा व्यवहार पत्रांवर चालतो. पुण्यातल्या बऱ्याच बिल्डरांकडे चित्र निराळं असतं. सिमेंट आणि सळई कंपनीची, मजुरी लेबर काँट्रॅक्टरची. त्याचं शटरिंगचं, सळई बांधण्याचं, गिलाव्याचं बिल आलं की बिलिंगवाल्याने साइटवर जाऊन त्याच्यासोबत मोजमाप घ्यायचं आणि सह्या करायच्या. मग खरं काम सुरू होतं: हिशेबाने किती सिमेंट लागायला हवं होतं, स्टोअरमधून किती गेलं, फरक कुणाचा? हा साहित्याचा ताळेबंद, म्हणजे रिकन्सिलिएशन, ज्याला जमतो त्याला मालक डोक्यावर घेतो. उपठेकेदार साहित्यासह काम घेतात अशा ठिकाणी अकरा वर्षं काढलेल्याला याची सवय सुटलेली असू शकते.

इथे आपल्या माणसाकडे एक गोष्ट आहे, जी तो स्वतःच दडवतो. पुण्यातली पहिली तीन वर्षं! बायोडेटात अनुभव उलट्या क्रमाने लिहितात, त्यामुळे ती तिसऱ्या पानाच्या तळाशी जातात. शिवाय दुबईच्या टॉवरपुढे वाकडची सातमजली इमारत त्याला किरकोळ वाटते. पण पुण्याच्या मालकाच्या दृष्टीने त्या सातमजली इमारतीला जास्त किंमत आहे, कारण तिथे या माणसाने लेबर काँट्रॅक्टरशी वाद घातलेला आहे. जुनी वर्षं वर आणण्याची जागा म्हणजे हा सारांशच.

मात्र वर आणाल ते पेललं पाहिजे. ‘आयएस 1200 नुसार मोजमाप’ असं लिहिलं की समोरचा अनुभवी माणूस हमखास विचारणार: दीड मीटर बाय एक मीटर वीसच्या खिडकीची गिलाव्यात वजावट कशी धराल? खिडकी 1.8 चौरस मीटरची. आयएस 1200 च्या बाराव्या भागात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाला वजावट नाही. अर्ध्यापासून तीनपर्यंत, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर, एकाच बाजूची वजावट करतात आणि कडांचा गिलावा वेगळा मोजत नाहीत. म्हणजे इथे 1.8 एकदाच वजा होणार. आखातात पोमी किंवा करारातले स्वतंत्र नियम वापरणारा माणूस हे सहज विसरतो. दोन संध्याकाळी ते मानक पुन्हा वाचून काढावं आणि मगच ती ओळ लिहावी. न वाचता लिहिणारे पहिल्या दहा मिनिटांत उघडे पडतात.

आता 18 कोटी दिरहम. दिरहमचा दर 23 रुपये धरला तर हे 414 कोटी रुपये होतात, आणि परतलेल्या माणसाला हा आकडा मिरवण्याचा मोह होतो. माझ्या मते तो टाकूच नये. इमारत 42 हजार चौरस मीटरची, म्हणजे साडेचार लाख चौरस फुटांची. पुण्याचा बिल्डर मनातल्या मनात भागाकार करतो: चौरस फुटाला नऊ हजारांहून अधिक. साधी निवासी इमारत बांधायला त्याचा स्वतःचा खर्च याच्या आसपासही नसतो. मग त्याला एक तर आकडा खोटा वाटतो किंवा हा माणूस उधळ्या जगातून आलाय असं वाटतं. त्याऐवजी ‘22 मजले, 4.5 लाख चौरस फूट’ लिहिलं की तो लगेच स्वतःच्या प्रकल्पाशी तुलना करतो. चौरस मीटरचे फूट मात्र आठवणीने करावेत. इथे सदनिका फुटांतच विकली जाते.

‘सहभाग’ हा शब्दही काढावा. साडेचार लाख फुटांच्या इमारतीत चहा देणाऱ्याचाही सहभाग असतो. मासिक बिल कोण बनवत होतं, हाताखाली किती जण होते, वाढीव कामाचे दर कुणी ठरवून मंजूर करून घेतले, हे सांगावं.

2014 मध्ये गेलेल्या माणसाच्या पाठीमागे दोन मोठे बदल झाले आणि दोन्ही 2017 चे: 1 मे रोजी महारेरा, 1 जुलै रोजी जीएसटी. जीएसटीची बाजू लेखा विभाग सांभाळतो. बिलात तो कुठे बसतो एवढं शिकून घेतलं तरी निभावतं. महारेरा मात्र संधी आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवायची आणि काम जितकं पुढे जाईल त्या प्रमाणात काढायची, असा कायदा. त्यासाठी वास्तुविशारद, अभियंता आणि सीए यांची प्रमाणपत्रं लागतात. अभियंत्याचं प्रमाणपत्र ज्या फॉर्म 2 वर असतं, त्यात संपूर्ण कामाची परिमाणं कोणत्या क्वांटिटी सर्व्हेअरने काढली हे भरायला जागा आहे. इथल्या कित्येक परतलेल्यांना हे ठाऊकच नसतं. टक्केवारीत प्रगती काढून ती त्रयस्थापुढे सिद्ध करणं हेच तर त्यांनी दुबईत दर महिन्याला केलेलं असतं. ‘महारेराचा अनुभव’ असं लिहू नये, तो नाही. ‘दरमहा कामाची टक्केवारी काढून सल्लागाराकडून प्रमाणित करून घेणे’ असं लिहावं. जाणकार मालक त्यातून पुढचं ओळखतो.

हे सगळं धरून सारांश असा होईल: ‘बिलिंग व क्वांटिटी सर्व्हेचा 14 वर्षांचा अनुभव: 3 वर्षे पुणे, 11 वर्षे दुबई. 22 मजली निवासी इमारतीच्या (4.5 लाख चौरस फूट) आरए बिलांची मुख्य ठेकेदारातर्फे पूर्ण जबाबदारी, हाताखाली 3 जण. दरमहा प्रगतीची टक्केवारी सल्लागाराकडून प्रमाणित, एक्स्ट्रा आयटमचे दर ठरवून मंजुरी, सळईचे बीबीएस, उपठेकेदारांची बिले. पुण्यात आयएस 1200 नुसार मोजमाप आणि सिमेंट-सळईचे रिकन्सिलिएशन. पुण्यात कायमचे वास्तव्य, लगेच रुजू होऊ शकतो.’

शेवटचं वाक्य भरतीचं नाही. ‘हा सहा महिन्यांनी व्हिसा आला की पुन्हा उडेल’ ही भीती मालकाच्या मनात असते आणि तो ती बोलून दाखवत नाही. आई आजारी आहे, मुलीची दहावी आहे, असली कारणं लिहू नयेत; ‘कायमचे वास्तव्य’ पुरतं. पगाराचा आकडाही इथे नको. करमुक्त दिरहम आणि कंपनीची खोली यांची इथल्या सीटीसीशी थेट तुलना होत नाही, ते बोलणं समोरासमोर करावं. तिकडच्या सवयीने लिहिलेला पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार, आखाती वाहन परवाना हे सगळं काढून टाकावं.

एक धोका उरतो आणि तो कागदाचा आहे. आखातात व्हिसावर किंवा लेबर कार्डावर एक पद आणि प्रत्यक्षात दुसरं काम, हे सर्रास चालतं. डिप्लोमावाला कागदोपत्री टेक्निशियन असतो आणि बिलं मात्र सर्व्हेअर म्हणून करतो. इथली कंपनी पार्श्वभूमी तपासायला एजन्सी नेमते आणि ती थेट दुबईला मेल टाकते. बायोडेटातलं पद पत्राशी जुळलं नाही, तर ऑफर परत घेतली जाते. म्हणून अनुभवाच्या रकान्यात पद पत्रातलंच ठेवावं, आणि काय केलं ते खाली व सारांशात लिहावं. उलट बाजूने, ‘बिलिंग इंजिनिअर’ हे पद स्वतःच्या मनाने दुबईच्या कंपनीला चिकटवू नये.

अजून तिकडेच असाल तर राजीनामा देण्याआधी एचआरकडे जा आणि अनुभवपत्रात तारखा, प्रकल्पांची नावं आणि प्रत्यक्ष कामाचं वर्णन लिहून मागा. असं प्रमाणपत्र मागितल्यास विनाशुल्क देण्याचं बंधन अमिरातीच्या कामगार कायद्यातच आहे. कराराची प्रत आणि पगार जमा झाल्याची बँकेची पानंही सोबत आणा. प्रकल्प संपून कंपनी बंद पडली, तर मेलला उत्तर द्यायला तिथे कुणीही उरत नाही.